एचडीआर ही थाप आहे का? आणि असेल तर कोणाची?

निवांत (मूळ पोस्ट): फोर-के एचडीआर टीव्ही घेतला, पीएस५ जोडला. चित्र सुरेख, पण कन्सोल म्हणतो एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखातला फरक जास्त खुलवून दाखवणारं चित्र, या टीव्हीला येतच नाही. खोक्यावर मात्र केवढ्या अक्षरांत छापलंय! माझं स्पष्ट मत: एचडीआर ही निव्वळ थाप आहे. कोणी पैसे घालवू नका.

वायरमन: मत देण्याआधी मेनू तरी उघडायचा. टीव्हीच्या स्वतःच्या नेटफ्लिक्स अ‍ॅपवर एचडीआर दिसतं का बघा. दिसत असेल तर पडदा ठीक आहे, अडलंय एचडीएमआय पोर्टाशी. सोनीत Settings मध्ये External inputs खाली `HDMI signal format` असतं. एलजीत `HDMI Ultra HD Deep Colour`, सॅमसंगच्या नव्या टीव्हीत `Input Signal Plus`. पीएस५ ज्या पोर्टाला आहे, त्याच पोर्टाचं स्टँडर्डवरून एनहान्स्ड करा; एलजी, सॅमसंगमध्ये ते चालू करा. पडदा क्षणभर काळा होईल, घाबरू नका. काही टीव्हींत सगळे पोर्ट हे पेलत नाहीत, त्यामुळे पर्याय दिसला नाही तर पोर्ट बदला.

खडूस काका: एवढं पुराण कशाला? केबल बदला. आमच्याकडे मधूनमधून पडदा काळा व्हायचा, ठिपके चमकायचे. नवी केबल लावली, संपलं.

वायरमन: काका, तुमचं दुखणं केबलचंच होतं. पण यांचं चित्र स्थिर आहे आणि एचडीआर मागायचीच सोय नाही. पीएस५ सोबत आलेली केबल असेल तर ती या कामाला पुरून उरते.

खडूस काका: म्हणजे केबल महत्त्वाची नाही?

मृदगंध: केबलवरून आठवलं. दुकानदाराने मला सोन्याचा मुलामा दिलेली केबल चार हजारांना गळ्यात मारली. म्हणे 'रंग जास्त उठून दिसतात'!

वायरमन: रंग उठून दिसत नसतात हो. सिग्नल पोचतो किंवा ठिपके पडतात. सेकंदाला १८ गिगाबिट नेणारी प्रमाणित साधी केबल लहान अंतराला पुरते.

खडूस काका: मला डोळे आहेत. फरक दिसतो.

मृदगंध: चार हजार गेल्यावर फरक दिसावाच लागतो, काका.

खडूस काका: पोरखेळ आहे सगळा. मी निघालो.

सोलापूरकर: काका गेले असतील तर मूळ मुद्द्यावर येतो. मी ऐकलंय की स्टँडर्डमध्ये पोर्टाची क्षमता साधारण १० गिगाबिट असते, म्हणून एचडीआर मावत नाही. बरोबर ना?

वायरमन: अर्धं बरोबर. ६० फ्रेमचं फोर-के आठ बिटांत, रंगाची माहिती छाटून, त्या वाटेने जातं. म्हणूनच निवांत यांना चित्र सुरेख दिसतंय. एचडीआरसाठी तेच दहा बिटांत करायचं तर ११ गिगाबिटच्या वर लागतात, मावत नाही. पण २४ फ्रेमचा सिनेमा एचडीआरसकट मावू शकतो, तरी येत नाही. कारण जोडणी होताना टीव्ही आपल्याला काय काय जमतं याची यादी समोरच्या यंत्राला देतो, आणि स्टँडर्डमध्ये त्या यादीत एचडीआर नसतंच. कन्सोल खोटं बोलत नाही, त्याला जे सांगितलं तेच तो दाखवतो.

मृदगंध: मग ते मुळातच चालू करून का देत नाहीत? निवांत यांचा राग रास्त आहे. ग्राहकाने पाचव्या मेनूत शिरायचं?

सोलापूरकर: द्यायलाच नको! भाच्याने आमच्याकडे हौसेने सगळे पोर्ट बदलले आणि ऐन मालिकेच्या वेळी वडिलांचा जुना सेट-टॉप बॉक्स गप्प. वडिलांनी घर डोक्यावर घेतलं. त्याचा पोर्ट परत स्टँडर्ड केल्यावर मालिका आली.

वायरमन: म्हणूनच स्टँडर्ड ठेवतात. नवी यादी काही जुन्या यंत्रांना झेपत नाही. पण मृदगंध, हेही खरं की नवं यंत्र जोडल्यावर 'इथे बदल करा' अशी एक सूचना देता आली असती.

मृदगंध: चला, एवढं तरी कबूल केलंत. उपकार झाले.

सोलापूरकर: माझा पीएस५ जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो. टीव्हीचा पोर्ट बदलूनही काही नाही.

वायरमन: अ‍ॅम्प्लिफायरला एचडीआर कळत नसेल तर टीव्हीची यादी तो पुढे जाऊ देत नाही. पीएस५ थेट टीव्हीला जोडा, आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआयवरूनच आवाज उलटा पाठवायच्या सोयीने, अ‍ॅम्प्लिफायरकडे परत न्या.

सोलापूरकर: आमच्या टीव्हीत एआरसीचा पोर्ट आणि एनहान्स्ड चालणारे दोन पोर्ट यांत एक सामाईक आहे. उरला एकच! दुसरं यंत्र कुठे जोडू?

निवांत: वायरमन, पोर्ट बदलला. पीएस५ च्या Video Output Information मध्ये आता एचडीआर दिसतंय. अभिनंदन करून घ्या स्वतःचं. पण गेममधल्या गुहेत काळोखाशिवाय काही दिसत नाही. थाप नाही तर काय हे?

वायरमन: त्याच Video Output मध्ये `Adjust HDR` आहे, ते करा. टीव्ही स्वस्तातला असेल तर काळोख थोडा राहीलच, त्यावर मेनूत इलाज नाही.