गाठीत अमोनिया साचतोय, पण ग्लुटामेट वाढत नाही. मदत हवी आहे

लातूरची_विद्यार्थिनी: परवा व्हायवा आहे. आलेखात अमोनिया चढतोय, ग्लुटामाइन जवळपास शून्यावर येतंय आणि ग्लुटामेटही घटतंय. गाठीत अमोनियापासून ग्लुटामेट बनवणारं विकर, ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज म्हणजे जीडीएच, आहे ना? मग ते अमोनिया का घेत नाही? लवकर सांगा.

सूक्ष्मजीव_परभणी: कसली गाठ? आणि त्यात काही घातलं होतं का?

लातूरची_विद्यार्थिनी: सोयाबीनच्या मुळावरचीच की! मेथिओनिन सल्फोक्सिमिन दिलंय. तेच तर पाहायचं होतं.

सूक्ष्मजीव_परभणी: अगं, हे आधी सांगायचं. त्यानं जीएस म्हणजे ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामाइन करणारं ग्लुटामाइन सिंथेटेज बंद पडतं. हवेतला नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेज चालूच राहतं, एका नायट्रोजन रेणूमागं १६ एटीपी जाळून दोन अमोनिया देतं. गाठीतल्या जिवाणूत जीएस फारसं नसतं, त्यामुळं अमोनिया बाहेर झाडाच्या पेशीत येतो. तिथं तो उचलणाराच नाही, म्हणून साचतो.

केमिस्ट्री_नांदेड: पण जीडीएचला एटीपी लागत नाही, स्वस्त पडतं. मुख्य रस्ता तोच असणार. आम्ही तसंच शिकलो.

सूक्ष्मजीव_परभणी: सर, अमोनिया भरपूर असेल तर काही जिवाणूंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण झाडाच्या जीडीएचला अनेक मिलिमोलर अमोनिया हवा, जीएसला मायक्रोमोलरमध्ये भागतं. अमोनिया साचू न देता उचलायचा तर एक एटीपी मोजावाच लागतो. १९७० मध्ये जिवाणूंत आणि १९७४ मध्ये वनस्पतींत गोगॅट हे विकर सापडलं, तेव्हा ग्लुटामाइनपासून ग्लुटामेट कसं बनतं ते कळलं. तोवर सगळे जीडीएचच सांगायचे.

केमिस्ट्री_नांदेड: मग तिच्या आलेखात अमोनिया इतका साचलाय, तरी जीडीएच जागं का होत नाही?

सूक्ष्मजीव_परभणी: प्रश्न रास्त आहे. झाडात ते बहुतेक मायटोकॉन्ड्रियात असतं आणि ग्लुटामेट तोडायच्याच दिशेनं जास्त चालतं. पण थोडंही उलटं चालत नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही.

औशाचा_शेतकरी: ताई, आमचं सोयाबीन पिवळं पडलंय, आठ दिवस रानात पाणी होतं. युरिया टाकू का?

सूक्ष्मजीव_परभणी: दादा, आधी कुदळीनं रोप खणून काढा, उपटू नका, गाठी मातीत राहतात. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट-राखाडी असेल तर ती मेलीय, पाण्यात तिला हवा पोचली नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, युरियानं जाणार नाही.

लातूरची_विद्यार्थिनी: सर, एकच राहिलं. जीएस बंद, म्हणजे ग्लुटामेटचा खर्चही थांबला. मग ते घटलं कसं?

सूक्ष्मजीव_परभणी: ग्लुटामेट इतर अमिनो आम्लांना आपला अमिनो गट देतच राहतं. ग्लुटामाइन नाही, तर गोगॅट ते परत भरणार कशातून? पण घट किती तासांनी सुरू झाली ते बघ. अगदी पहिल्या तासातच असेल तर माझं उत्तर पुरत नाही.

लातूरची_विद्यार्थिनी: पहिलं मोजमापच दोन तासांनंतरचं आहे.

औशाचा_शेतकरी: दहा गाठी फोडल्या. तीन गुलाबी, बाकी राखाडी.