कॅम्पसमधल्या सायकलींना नाव काय द्यावं?

हॉस्टेलप्रतिनिधी: आमच्या कॅम्पसवर जूनपासून सामायिक सायकली येतायत. ४० सायकली, ५ जागा. गेटपाशी घ्यायची, आपल्या विभागापाशी ठेवायची, पुढचा नेतो. अर्ध्या तासाला २ रुपये, खुंट्या नाहीत, कुलूप चाकालाच, ते मोबाइलवरून उघडतं. समितीला 'हरितचक्र' आवडलंय. सूचनाफलक कोणी वाचत नाही, त्यामुळे नावावरूनच पोरांना कळायला हवं. काय नाव द्यावं?

पंक्चरवाला: नावाने काही होत नाही. लंडनमध्ये २०१० साली अशी योजना आली तेव्हा अधिकृत नावात बँकेचं नाव होतं. लोकांनी ते बाजूला ठेवलं आणि तेव्हाच्या महापौरांवरून 'बोरिस बाइक' म्हणायला लागले. त्यात घ्या-ठेवाचा एक शब्द नाही, तरी सायकली चालल्या. नावापेक्षा कुलपं नीट बसतात का ते बघा.

तिरकी घंटी: पंक्चरवाल्यांशी सहमत. म्हैसूरला २०१७ साली आलेल्या योजनेचं नाव 'ट्रिन ट्रिन'. नुसता घंटीचा आवाज, भाषा कुठलीही असो. तसंच काही गोंडस घ्या.

जुना समितीकर: म्हैसूरला आणि लंडनला योजना आली ती ठरलेल्या खुंट्यांसकट. सायकल खुंटीत अडकवल्याशिवाय तुमचा हिशोब बंद होत नाही, म्हणजे परत कुठे ठेवायची ते खुंटीच शिकवते. नावावर तो भार नाही, ते नुसतं गोड असलं तरी चालतं. इथे खुंट्या नाहीत, कुलूप चाकालाच आहे. कुठेही लावलं तरी लागतं. मग पोरं सायकल हॉस्टेलच्या जिन्याखाली नेऊन ठेवतात आणि सकाळी गेटवर एकही उरत नाही. जे जागा सांगत नाही, ते नावाने सांगायला हवं. 'हरितचक्र'मधून फार तर कळेल की हे पर्यावरण दिनाचं काहीतरी आहे. ती कंपोस्टची टाकीसुद्धा असू शकते.

अनुस्वार: मग 'सायकल वाचनालय'? कार्यक्रमात टाळ्या पडतील.

जुना समितीकर: टाळ्या पडतील आणि सायकल आठवडाभर खोलीवर जाईल. वाचनालयातून घरी न्यायचं असतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ओळखीचा शब्द घेतला की त्याचे नियमही सोबत येतात. 'शेअर सायकल'चंही तेच. शेअर रिक्षा म्हटलं की एका गाडीत चार माणसं.

हॉस्टेलप्रतिनिधी: हा हा, आमच्याकडे ट्रिपलसीट आधीच चालतं.

रेखामावशी: माझ्या मुलाची सायकल गेल्या वर्षी कॉलेजच्या स्टँडवरून गेली. वॉचमन म्हणाला, जबाबदारी आमची नाही. आधी त्याचं बघा.

जुना समितीकर: मावशी, वाईट झालं. पण तुम्ही कामाचा शब्द आणलात. आपल्याकडे 'सायकल स्टँड' म्हणजे स्वतःची सायकल लावायची जागा. या पाच जागांवर तीच पाटी लावली तर पोरं आपापल्या सायकली तिथे लावतील आणि सामायिक सायकलींना जागाच उरणार नाही. मी असं होताना पाहिलंय. पाटीवर 'स्टँड' नकोच.

अनुस्वार: सापडलं! 'सायकलपोई'. पाणपोईवर पाणी प्यायचं, पेला तिथेच ठेवायचा. पेला कोणी घरी नेत नाही.

तिरकी घंटी: वा!

पंक्चरवाला: पाणपोई फुकट असते. पहिल्याच दिवशी २ रुपये कापले की पोरं भांडायला येतील. शिवाय पेला त्याच जागी ठेवतात, इथे सायकल दुसरीकडे ठेवायचीय.

दरभंगा_ते_पुणे: आणि आम्ही बाहेरून आलेले? पोई म्हणजे काय, मला विचारावं लागलं.

जुना समितीकर: दोन्ही आक्षेप खरे आहेत. माझं मत साध्या 'घे-ठेव'ला आहे. दोन क्रिया, करायच्या त्याच क्रमाने.

पंक्चरवाला: 'ठेव किती?' असं विचारतील. बँकेतल्या ठेवीसारखी. अनामत भरायची वाटेल.

जुना समितीकर: हे सुचलं नव्हतं, मान्य. मग अंदाज बांधत बसू नका. नाव कागदावर लिहा, सोबत चित्र नको. प्रथम वर्षाच्या सात-आठ जणांना एकेकटं गाठा, त्यात मराठी नसलेलेही हवेत. नाव आवडलं का, हे विचारूच नका, सगळे हो म्हणतात. एवढंच विचारा: ही सायकल कुठून घेशील, काम झालं की कुठे ठेवशील, पैसे पडतील का? दुसऱ्या प्रश्नाला दोघांनी जरी 'खोलीवर' म्हटलं तर ते नाव बाद.

हॉस्टेलप्रतिनिधी: आज मेसमध्ये सहा जणांना 'घे-ठेव' दाखवलं. पाच जणांनी 'परत जागेवर' सांगितलं. पण त्यातल्या तिघांना वाटलं, जिथून घेतली तिथेच. एक जण म्हणाला, डबे ठेवायचं कपाट असेल.

अनुस्वार: म्हणजे 'सायकल' शब्द हवाच. 'घे इथे, ठेव तिथे'?

पंक्चरवाला: हे नाव की वाक्य? मडगार्डवर मावेल का?

जुना समितीकर: मडगार्डवर 'सायकल घे-ठेव' मावेल, पाचही जागांच्या पाटीवर 'इथून घे, इथे ठेव'. एकच पाटी सगळीकडे दिसली की पाचपैकी कुठल्याही जागेवर ठेवता येते ते कळावं. पैशांचं मात्र नावातून जमेल असं मला वाटत नाही, ते मोबाइलवरच सांगा.

हॉस्टेलप्रतिनिधी: सोमवारी समितीपुढे ठेवतो. 'हरितचक्र'चं बोधचिन्ह छापून झालंय म्हणे.