‘स्थगित महसूल’ म्हणजे काय?

विचारणारी, फोंडा: आमच्या मासिकाचा ताळेबंद मराठीत करतेय. ऑडिटरच्या ‘डिफर्ड रेव्हेन्यू’चं कुणीतरी ‘स्थगित महसूल’ केलंय. वाचून वाटतं, मामलेदारांनी वसुली थांबवली! शिवाय आकडा देण्यांच्या बाजूला आहे. वर्षाची वर्गणी तर बँकेत आलीय, मग देणं कसलं?

म्हापशाहून: ‘अनामत’ लिहा की. वाचनालयात भरतो तशी. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे, म्हणून देणं.

मडगावचा हिशेबनीस: देणं हे बरोबर, पण अनामत नव्हे. सभासद सोडून गेला की अनामत पैशांतच परत करायची. वर्गणी फेडायची ती अंक पाठवून. ताई, ऑक्टोबरपासून वर्षाचे १,२०० रुपये आले, तर बँक नावे, आगाऊ वर्गणी जमा. पुढे दर महिन्याला अंक गेला की आगाऊ वर्गणी नावे, वर्गणी उत्पन्न जमा. या दुसऱ्या नोंदीत बँक येतच नाही, म्हणून ती हमखास विसरते. वर्गणी संपलेल्या माणसाच्या नावावर शिल्लक दिसली, तर समजा कुठल्यातरी महिन्याची नोंद राहिली.

विचारणारी, फोंडा: म्हणजे महिन्याला १००, आणि ३१ मार्चला ६०० देणं?

मडगावचा हिशेबनीस: सगळे अंक सारखे असते तर हो. तुमचा दिवाळी अंक केवढ्याला?

विचारणारी, फोंडा: ३२० रुपये. बाकीचे अकरा प्रत्येकी ८०. दिवाळी अंक ऑक्टोबरातच गेला.

मडगावचा हिशेबनीस: मग सरळ बारा भाग करू नका. अंकांची किंमत कमीजास्त असेल तर उत्पन्न त्या किमतीच्या प्रमाणात धरायचं, असं लेखामानक ९ मध्येच आहे. ऑक्टोबरचे ३२० आणि पुढच्या पाच अंकांचे ४००, म्हणजे मार्चअखेर उत्पन्न ७२०. देणं उरलं ४८०, सहा साध्या अंकांचं.

कळंगुटवाला: माझं होमस्टे आहे. नाताळच्या खोल्यांचे पैसे ऑगस्टातच घेतो. मीही महिन्याला थोडे थोडे उत्पन्नात धरू?

मडगावचा हिशेबनीस: नाही हो दादा. ऑगस्ट ते नोव्हेंबर तुम्ही पाहुण्याला काय दिलंत? तो राहील त्या दिवसांचंच ते उत्पन्न. तोवर सगळी रक्कम देणं.

म्हापशाहून: बरं, अनामत मागे घेतो. पण आम्ही कॉलेजात ‘पूर्वप्राप्त उत्पन्न’ शिकलो. ते का नको?

मडगावचा हिशेबनीस: चालतं, मीही लिहितो. पण जे अजून उत्पन्न झालंच नाही, त्याच्या नावातच ‘उत्पन्न’. वाचणारा तिथेच फसतो.

विचारणारी, फोंडा: मी ‘आगाऊ वर्गणी’ लिहिणार होते, पण आत्ताच पाहिलं, त्याच आकड्यात दोन जाहिरातदारांचे वर्षभराचे पैसेही आहेत. त्यांना वर्गणी कसं म्हणू?

म्हापशाहून: ‘आगाऊ जमा’?

मडगावचा हिशेबनीस: कशाची जमा, ते कळायला हवं. दोन ओळी वेगळ्या करून मिळतात का, ऑडिटरना विचारा.