क्रिएटिन सुरू केल्यापासून पोटऱ्यांत गोळे येत आहेत, बंद करावे का? (मदत हवी आहे)

मॅटवरचा_पैलवान
मी ७४ किलो गटात कुस्ती खेळतो. क्रिएटिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत, दुसऱ्या फेरीत दोन्ही पोटऱ्यांत इतके गोळे आले की मला उभे राहता येईना. क्रिएटिन शरीरातले पाणी शोषून घेते, असे आमचे वस्ताद सांगतात. पुढची स्पर्धा जवळ आली आहे, त्यामुळे कृपया लवकर आणि स्पष्ट उत्तर द्यावे.

लिंबूपाणी
वस्तादांचे म्हणणे बरोबर आहे. क्रिएटिन स्नायूंमध्ये पाणी ओढून घेते, म्हणून रक्तातले पाणी कमी पडते आणि गोळे येतात. क्रिएटिन आजच बंद करा आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी प्या.

क्रीडा_फिजिओ
किती ग्रॅम घेत होतात, कधीपासून घेत होतात आणि वजन देण्याआधीच्या दोन दिवसांत पाणी किती प्यायलात, हे कळल्याशिवाय क्रिएटिनला दोष देता येणार नाही.

सकाळचा_धावपटू
मी मॅग्नेशियम सुरू केल्यापासून लांब पल्ल्याच्या धावण्यात मला एकदाही गोळा आलेला नाही. तुम्हीही तेच घ्या.

काळजीवाहू_बाबा
माझा मुलगा क्रिएटिन घेतो आणि त्याच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसले. त्याच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल का?

क्रीडा_फिजिओ
बाबा, क्रिएटिनचेच शरीरात क्रिएटिनिन होते, त्यामुळे केवळ या आकड्यावरून मूत्रपिंड बिघडले असे ठरत नाही. तरीही मुलगा क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना अवश्य सांगा, आणि यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

मॅटवरचा_पैलवान
स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मी रोज वीस ग्रॅम घेतले. त्या काळात वजन दीड किलोने वाढले, म्हणून शेवटचा दीड दिवस पाणी जवळजवळ बंद ठेवले आणि प्लास्टिकचा सूट घालून धावलो. पण हे तर सगळेच पैलवान करतात.

क्रीडा_फिजिओ
मुख्य माहिती हीच होती. एवढ्या मात्रेने पहिल्या आठवड्यात एक ते दोन किलो वजन वाढणे अपेक्षितच असते आणि ते बहुतांशी पाण्याचे असते. ते वजन उतरवण्यासाठी तुम्ही घाम गाळलात आणि पाणी तोडलेत, म्हणजे शरीर कोरडे पडले ते वजन उतरवण्याच्या पद्धतीमुळे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन मल्ल वजन उतरवताना दगावले, तेव्हाही आधी संशय क्रिएटिनवर गेला होता. चौकशीत मात्र समोर आले ते उष्ण खोलीत, घाम न सुकणारे सूट घालून केलेले व्यायाम आणि पाण्यावाचून तापलेले शरीर.

खेळाडूंवरच्या अभ्यासांचेही ऐका. ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या ७२ महाविद्यालयीन खेळाडूंचा हंगामभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडक उन्हातही सराव करणाऱ्या या खेळाडूंपैकी क्रिएटिन घेणाऱ्यांमध्ये गोळे आणि उष्णतेचे त्रास न घेणाऱ्यांपेक्षा कमीच आढळले.

लिंबूपाणी
त्या अभ्यासात क्रिएटिन घ्यायचे की नाही हे खेळाडूंनीच ठरवले होते ना? मग ज्यांना त्रास होत नाही असेच लोक ते घेत असतील. शिवाय त्यांचे पाणी कोणी तोडले नव्हते. पैलवानाची गोष्ट वेगळी आहे.

क्रीडा_फिजिओ
आक्षेप रास्त आहे. म्हणून त्या अभ्यासावरून क्रिएटिनमुळे गोळे टळतात असे मी म्हणणार नाही. पण वॉटसन यांच्या २००६ च्या प्रयोगात बारा पुरुषांना आठवडाभर रोज सुमारे बावीस ग्रॅम क्रिएटिन आणि वेगळ्या वेळी तसेच दिसणारे निष्क्रिय चूर्ण दिले होते. मग त्यांचे सुमारे दोन टक्के वजन व्यायामातल्या घामाने उतरवले आणि त्यांना उष्ण खोलीत व्यायाम करायला लावला. शरीराच्या तापमानात फरक पडला नाही आणि गोळेही वाढले नाहीत. मात्र संख्या लहान होती, आणि दोन टक्क्यांहून बरेच अधिक वजन उतरवणाऱ्या मल्लांबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही.

तुमच्या स्नायूंतल्या पाण्याच्या मुद्द्याचा अर्धा भाग खरा आहे. सुरुवातीला पाणी स्नायूंमध्ये जाते, पण शरीरातले एकूण पाणीही वाढते. रक्त कोरडे पडते असे त्यातून सिद्ध होत नाही. आणि गोळे नेहमी पाण्यामुळेच येतात असेही नाही. आयर्नमॅन शर्यतीत धावणाऱ्यांच्या अभ्यासात पाण्याच्या घटीपेक्षा वेगाने धावणे आणि पूर्वी गोळे आलेले असणे यांचा संबंध अधिक दिसला.

मॅटवरचा_पैलवान
मग आता काय करू? स्पर्धेला तीन आठवडे आहेत.

क्रीडा_फिजिओ
वीस ग्रॅमचा आठवडा पुन्हा करू नका. रोज तीन ग्रॅम घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत स्नायू जवळजवळ तितकेच भरतात आणि वजन हळूहळू वाढते. पण तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत आणि वजन आधीच काठावर आहे, म्हणून माझ्या मते हे स्पर्धेनंतरच सुरू करा. यावेळी पाणी तोडू नका आणि सूट घालू नका. लघवी गडद तपकिरी झाली, चक्कर आली किंवा अंग तापले, तर कुस्ती थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

लिंबूपाणी
मी तरी माझ्या पोरांना उन्हाळ्यात क्रिएटिन देणार नाही.

मॅटवरचा_पैलवान
वस्तादांना हे कसे सांगायचे, कोणी सुचवेल का? पाणी न तोडता ७४ मध्ये बसलो नाही, तर ७९ मध्ये लढण्याला ते तयार होतील असे वाटत नाही.