सॅच्युरेशन: थांबायचं कधी?

“१२ मुलाखती झाल्यात, आता सगळ्या तेच सांगतायत. थांबू का?”

कोडिंग केल्याशिवाय, म्हणजे मुलाखतींतल्या बोलण्याला मुद्द्यांची लेबलं लावल्याशिवाय नको; सॅच्युरेशन, म्हणजे नव्या मुलाखतींतून नवं काही न मिळणं, त्यावरूनच कळतं. मी हर्णै बंदरावरच्या मासळी विकणाऱ्या बायकांशी बोलत होते तेव्हा १०+३ नियम आधीच ठरवलेला, म्हणजे १० मुलाखती कोड करायच्या, मग सलग ३ मध्ये नवी थीम आली नाही तरच थांबायचं. अकरावीत काही नवं नाही, बारावीत बर्फाच्या उधारीचा मुद्दा आला, म्हणून मोजणी परत तेरावीपासून, आणि पंधरावीला संपलं. तरी ते सॅच्युरेशन फक्त लिलावात बसणाऱ्यांचं हो, टोपली घेऊन गावोगाव फिरणारी एकही त्यात नव्हती, त्यांच्यासाठी वेगळ्या मुलाखती घ्याव्या लागल्या. तुमच्या १२ जणी एकाच धक्क्यावरच्या आहेत का?