सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला: इन्सिडेंट की फक्त लॉगबुक?

बॉयलरवाला: सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, दोन मिनिटांत बसला. कुणाला इजा नाही, माल गेला नाही. तरी इन्सिडेंट रिपोर्ट भरा म्हणे! लॉगबुकात एक ओळ पुरत नाही का? राईचा पर्वत करायची हौसच असते काहींना.

पॅनलचा माणूस: इजा झाली का, हा प्रश्नच चुकीचा. तो किती दाबाला उडाला ते आधी सांगा. समजा रिॲक्टर ४ किलोवर चालतो, अलार्म ५ ला, रिॲक्टर आपोआप थांबवणारी ट्रिप ५.५ ला आणि व्हॉल्व्हची सेटिंग ६. तो ६ ला उडाला म्हणजे अलार्मकडे दुर्लक्ष झालं आणि ट्रिपनं काम केलं नाही, किंवा ती बायपास होती. शेवटच्या कुलपानं वाचवलं. हा इन्सिडेंटच, वाफ दोन मिनिटं गेली असो की दोन सेकंद. तोच ४.५ ला उडाला तर प्रोसेस ठीक आहे, व्हॉल्व्ह बिघडलाय: स्प्रिंग ढिली किंवा सीटवर कचरा. मग लॉगबुक आणि वर्क ऑर्डर पुरे. मात्र टोल्युइनसारखं काही उघड्यावर गेलं असेल तर तिथंही रिपोर्ट.

बॉयलरवाला: आणि मेकॅनिकल सील ठिबकली तर? त्याचाही रिपोर्ट?

पॅनलचा माणूस: थेंब ट्रेमध्ये पडतोय तोवर लॉग. गटारात गेला की रिपोर्ट.

कायदेपंडित: एवढा काथ्याकूट कशाला? ४८ तास कामावर येता आलं नाही तरच कळवायचं, कायद्यात स्पष्ट आहे.

पॅनलचा माणूस: ते सरकारला कळवायचं, आणि तेही माणसाला इजा झाली तर. स्फोट, आगीसारख्या घटना इजा नसली तरी कळवाव्या लागतात. इथं प्रश्न कंपनीच्या आतल्या नोंदीचा आहे.

शिफ्ट बी: ४८ तासांचं नावच काढू नका. आमच्याकडे बोट कापलेल्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवतात. गेटवरचा 'अपघातमुक्त दिवस' बोर्ड तुटायला नको ना!

बॉयलरवाला: आणि त्या बोर्डावर बोनस लावला की निअर मिस कोण लिहिणार?

शिफ्ट बी: लिहिणाऱ्यालाच मेमो मिळतो. बोर्ड उतरवा, रिपोर्ट आपोआप येतील.

कायदेपंडित: बोर्ड उतरवून काय होणार? सुपरवायझर तोच असतो.

पॅनलचा माणूस: बोर्डावर वेगळा धागा काढा. टेक्सास सिटी रिफायनरीचा स्फोट आठवा, २३ मार्च २००५, १५ जण गेले. आधीच्या बहुतेक स्टार्टअपना टॉवरची लेव्हल मीटरच्या रेंजबाहेर गेली होती, आणि तीच चालू पद्धत समजली गेली. म्हणून महिन्यात तीच ओळ लॉगमध्ये तिसऱ्यांदा आली की आम्ही इन्सिडेंट उघडतो. तीन हा आकडा आमचा, शास्त्र नव्हे.

बॉयलरवाला: बरं बाबा, ६ ला उडाला तर भरतो. पण लॉगमध्ये 'PSV lifted' एवढंच लिहिलेलं असतं, दाब कुणी लिहीत नाही. मग ठरवायचं कशावरून?

पॅनलचा माणूस: दाबाच्या नोंदीचा ट्रेंड उघडा. आणि डिस्चार्ज पाइपला हात न लावता तपासा: नीट बसला नसेल तर पाइप तासाभरानंतरही गरमच राहतो.

शिफ्ट बी: आमचा ट्रेंड दर आठ तासांनी पुसला जातो. त्याचा रिपोर्ट कुठं भरायचा?