मदत हवी आहे: फिजिओच्या वहीवरून प्रगतीचा रिपोर्ट कसा करावा?

उदगीरची_फिजिओ
लातूर जिल्ह्यात माझं छोटं क्लिनिक आहे. गुडघ्याचा सांधा बदललेल्या एका मावशींची १४ सेशनची वही समोर आहे. सर्जनना एका पानात हवंय, ध्येय काय होतं, काय दिलं, किती फरक पडला. वहीत मात्र हे:

सेशन ३: वाकणं ७०, दुखणं ६, क्वाड्स १०×३
सेशन ८: वाकणं ९५, बरं वाटतंय
सेशन ९: वाकणं ८५, जिना

आठव्याला ९५ अंश अन् नवव्याला ८५? अर्ध्या नोंदी असिस्टंटच्या आहेत. ध्येय तर कुठंच लिहिलेलं नाही.

आकडेवाला
वाकणं सोडा, दुखण्याचा आलेख काढा. ६ चे २ झाले की सर्जनला कळतं.

जुना_गोनिओमीटर
आलेख काढा, पण दुखणं बसल्यावरचं की चालतानाचं? मावशींनी चालणंच कमी केलं तरी आकडा उतरतो.
९५ बहुतेक हातानं दाबून मोजलेलं, ८५ त्यांनी स्वतः वाकवलेलं. असिस्टंटला विचारा. आठवत नसेल तर दोन्ही आकडे तसेच ठेवा, पुढं 'पद्धत नोंदवलेली नाही' लिहा, अन् त्यांची वजाबाकी करू नका. आज उताणं झोपवून टाच सरकवत मोजा, आधी स्वतः वाकवलेलं, मग दाबून, दोन वेगळ्या रकान्यांत. हातानं मोजताना ५ अंश इकडंतिकडं होतातच, तेवढ्याला प्रगती म्हणू नका.
'क्वाड्स १०×३' म्हणजे मांडीचा नेमका कोणता व्यायाम, पाय सरळ उचलणं की उशीवरून? वजन किती? उचलताना गुडघा किती अंश झुकतो? ते नसेल तर उपचाराचा रकाना रिकामाच आहे.
ध्येय मागच्या तारखेचं लिहू नका. मावशींना करायचंय काय?

परभणीचा_पोरगा
माझ्या मायचंही ऑपरेशन झालंय, ७० च्या पुढं जाईना. कापूस वेचायला खाली बसता येईल का?

जुना_गोनिओमीटर
दादा, हा प्रश्न वेगळा आहे. पण ७० वर अडलंय तर वाट बघू नका, सर्जनना दाखवा.

उदगीरची_फिजिओ
मावशींना एसटीनं अंबाजोगाईला लेकीकडं जायचंय. पायरी चढता येत नाही म्हणून अडलंय.

जुना_गोनिओमीटर
मग स्टँडवर जाऊन पायरी टेपनं मोजा अन् तेवढाच ठोकळा क्लिनिकात ठेवा. ध्येय असं: '३ आठवड्यांत, एका हातानं दांडा धरून, ऑपरेशनचा पाय आधी टाकून चढणे.' चांगला पाय आधी टाकला तर खोटी प्रगती दिसते.

आकडेवाला
रिपोर्टमध्ये इतके 'नोंदवलेली नाही' बघून सर्जन काय म्हणतील?

उदगीरची_फिजिओ
तीच धाकधूक आहे. असिस्टंट म्हणतो, "मॅडम, दाबलं असेल बहुतेक." बहुतेक लिहिता येत नाही. आज मोजलं, स्वतः ९८, दाबून १०४. रिपोर्टची सुरुवात इथूनच करते, जुनी पानं झेरॉक्स काढून मागं जोडते. ठोकळ्याची उंची उद्या स्टँडवरून आल्यावर टाकते.